साडी बदला, पण आईचा रंग बदलू नका

परवा एक ताई आल्या, इंदूरच्याच, आई जाऊन तेरावा दिवस व्हायचा होता. फ्रेमसाठी फोटो हवा होता आणि बरा असा एकच, तोही आईंनी फुल बाह्यांचा ड्रेस घातलेला. आई कायम महेश्वरी नेसायच्या म्हणून घरच्या मुलाने कुठल्यातरी एआय टूलमध्ये ड्रेसची साडी करून आणली होती. साडी छानच होती, किनारसुद्धा नीट आली होती. पण ताई म्हणाल्या, "दादा, ही माझी आई नाही वाटत हो." बघितलं तर आई चांगल्या दोन शेड गोऱ्या, गुलाबी झालेल्या, आणि मनगटावरचा तव्याच्या चटक्याचा जुना डाग गायब!

हे फार जणांच्या बाबतीत होतं म्हणून लिहितोय. आपण सांगतो फक्त कपडे बदल, पण बरीचशी टूल्स अख्खा फोटोच नव्याने काढून देतात, चेहरासुद्धा. मग लोक त्यावर फिल्टर मारून रंग जुळवायला जातात, त्याने साडीचा रंगही बिघडतो आणि डाग काही परत येत नाही. माझं ठाम मत आहे की चेहरा दुरुस्त करतच बसू नका, तो मूळ फोटोत आहेच, तिथूनच घ्या. एआयकडून फक्त साडी घ्यायची.

मी फोटोशॉपमध्ये मूळ फोटो खाली ठेवला आणि साडीवाला वर. साडीवाला आकाराने लहान आला होता, तो ताणून बसवला. बसला की नाही हे बघायला वरच्या लेयरचा ब्लेंड मोड डिफरन्स करायचा, जिथे दोन्ही फोटो जुळतात तिथे काळं दिसतं, आणि डोळ्यांच्या, नाकाच्या कडेला उजळ रेघा दिसल्या तर समजायचं सरकलंय. रंग बदललाय म्हणून पूर्ण काळं होणार नाही, रेघा गेल्या म्हणजे झालं. मग मोड परत नॉर्मल, ऑल्ट दाबून मास्कच्या बटणावर क्लिक, म्हणजे काळा मास्क लागतो आणि साडी पूर्ण लपते. आता पांढऱ्या ब्रशने फक्त साडी-ब्लाउज रंगवून बाहेर काढायचा. आत कसाही ब्रश चालतो पण कडेला लहान आणि जरा कडक घ्या, मोठा मऊ ब्रश फिरवला की गळ्याभोवती एआयच्या गोऱ्या कातडीची धूसर पट्टी राहते आणि चोरी तिथेच पकडली जाते. चेहरा, गळा, तळहात सगळं मूळचं आलं, चटक्याचा डागही आला. ब्लाउजची गळ्यावर पडणारी सावली मात्र मास्कमागे गेली आणि साडी कापून चिकटवल्यासारखी दिसायला लागली. मग मध्ये एक रिकामा लेयर, मोड मल्टिप्लाय, गळ्याचाच रंग उचलून अगदी फिक्या ब्रशने काठालगत सावली दिली.

खरी अडचण हातांची. मूळ फोटोत पूर्ण बाही आणि ब्लाउज कोपरापर्यंत, म्हणजे कोपर ते मनगट ही कातडी मुळात नाहीच, ती एआयचीच ठेवावी लागते. तिथे रंग जुळवायचा तो गालाशी नाही, मनगटाशी, कारण उजेड तिथे सारखा पडतो. मनगटावर मूळ रंगाचे आकडे होते लाल १६८, हिरवा १२०, निळा ९४. जोडाच्या लगेच वर एआयचे १९६, १५४, १३६. निळा सगळ्यात जास्त वाढलाय, म्हणजे हात नुसता उजळ नाही, त्यातला पिवळसरपणाही गेलाय, म्हणून नुसता ब्राइटनेस कमी करून भागत नाही. हाताचा भाग वेगळ्या लेयरवर घेतला, त्याला कर्व्ह्ज क्लिप केला आणि एकेका चॅनेलमध्ये पॉइंट दिला, लालमध्ये इनपुट १९६ आउटपुट १६८, तसंच हिरवा आणि निळा. सावलीकडचा भाग फार गडद झाला तर कर्व्हला खाली अजून एक पॉइंट देऊन तो जागेवर धरायचा.

जोड दिसतोय का हे तपासायला सगळ्यात वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेयर लावा. तिथेही रेघ दिसली तर उजेड चुकलाय, तिथे नाही पण रंगीतमध्ये दिसते तर रंग चुकलाय. माझ्याकडे दोन्ही जुळले तरी हात प्लॅस्टिकसारखा वाटत होता, कारण मूळ फोटो मोबाइलचा, त्यात बारीक दाणे, आणि एआयचा हात गुळगुळीत. हाताच्या लेयरवर थोडा नॉइज टाकला तेव्हा बसला.

आणि हो, टूलने मान वळवली किंवा खांदा उतरवला असेल तर मास्कच्या नादी लागू नका, गळा कधीच जुळणार नाही. साडीच परत बनवून घ्या, पोज तीच राहीपर्यंत. ताईंच्या फोटोतही साडी तिसऱ्या वेळेला नीट बसली, पहिल्या दोनमध्ये डावा खांदा खाली गेला होता.