आई आजारी असल्याने बाबांनी भाकरी केली

व्याकरणाच्या सरावपुस्तकातली वाक्यं बदला अशी चिठ्ठी तुमच्या टेबलावर आली, तर घाबरून जायचं नाही. मी कोल्हापुरात बरीच वर्षं अशा पुस्तकांची प्रुफं तपासतो, त्यामुळं चार अनुभवाच्या गोष्टी सांगू शकतो. चिठ्ठीत बहुतेक वेळा एकच तक्रार असते: सगळ्या पुस्तकांत भाकरी आईच का करते? तुम्ही आधी चहा मागवा. मग शांतपणे उत्तर लिहा की वाक्य बदलता येणार नाही, कारण व्याकरण आडवं येतं.

व्याकरण म्हटलं की निम्मे लोक परत जातात. उरलेल्यांना नियम ऐकवा. 'आईने भाकरी केली' हा कर्मणी प्रयोग. कर्त्याला 'ने' लागलाय, कर्म प्रथमेत आहे, आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. भाकरी स्त्रीलिंगी, एकवचनी, म्हणून 'केली'. झालं. फक्त चिठ्ठी लिहिणारी व्यक्ती वर्गावर शिकवणारी नाही ना, एवढं आधी बघून घ्या. कारण आमच्याकडं एकदा एक बाई आल्या होत्या, नववीला मराठी शिकवणाऱ्या. मी नियम म्हणून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "पण आईपण स्त्रीलिंगी एकवचनीच की हो. मग 'केली' कुणामुळं झालं, हे पोरांना कळायचं कसं?"

आता यावर काय बोलणार? वाक्यात दोन नामं, दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही एकवचनी. क्रियापद कुणाच्या मागं गेलं हे वाक्याकडं बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बाई म्हणाल्या, "मी वर्गात विचारलं, 'केली' कुणाप्रमाणं? अर्धा वर्ग म्हणाला, आईप्रमाणं. प्रयोग कुठला? सगळा वर्ग म्हणाला, कर्मणी. कारण तसं फळ्यावर लिहिलं होतं."

तुम्ही खचू नका. वाक्याचा खरा गुण हाच आहे असं समजा. ते वर्षानुवर्षं टिकलं, कारण ते काही शिकवतच नाही. पोरं उत्तर पाठ करतात, गुण मिळतात, आईच्या हातचं पीठ काही सुटत नाही.

त्या बाईंनी मात्र फळ्यावर 'दादाने भाकरी केली' असं लिहिलं. दादा पुल्लिंगी, तरी 'केली'. म्हणजे क्रियापदानं दादाला विचारलंच नाही, ते सरळ भाकरीकडं गेलं. मग त्यांनी दादा तसाच ठेवला आणि फक्त कर्म बदलत गेल्या: दादाने भात केला, दादाने पिठलं केलं, दादाने भाकऱ्या केल्या. करणारा तोच, क्रियापदाची रूपं चार. त्यानंतर उलटं: भाकरी तशीच ठेवली आणि करणारे बदलले. आईने केली, दादाने केली, पोरांनी केली. 'केली' जागची हलली नाही. कर्मणी प्रयोग ओळखायची परीक्षा तीच आहे: एकदा कर्ता हलवून बघायचा, एकदा कर्म. पाच मिनिटांत पाठ संपला. वर्ग हसला, हे खरं. कुणीतरी विचारलंही, "दादा कुठं भाकरी करतोय?" तर मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "आमच्या तालमीत सगळे करतात."

असं काही छापायची वेळ तुमच्यावर आलीच, तर पुढची वाट धरा. 'बाबांनी भाकरी केली' असं लिहा, पण आधी कारण जोडा: 'आई आजारी असल्याने बाबांनी भाकरी केली.' म्हणजे समतेचं काम झालं आणि घरातली घडीही मोडली नाही. वाटल्यास शेवटी उद्गारचिन्ह द्या. आणखी एक फायदा आहे. 'आई आजारी असल्याने' एवढ्या भानगडीत पोरगं कर्ता शोधताना आईवरच थांबतं. ही युक्ती एका ज्येष्ठ लेखकानं मला शिकवली. त्यांच्या पुस्तकात बाबा स्वयंपाकघरात शिरले की आई हमखास तापानं फणफणलेली असते.

दुसरी वाट माणसांचा त्रासच नको म्हणणाऱ्यांसाठी. 'मांजराने उंदीर पकडला' हे वाक्य घ्या. व्याकरणाला चोख: मांजर नपुंसकलिंगी, उंदीर पुल्लिंगी, म्हणून 'पकडला'. तक्रारीलाही जागा नाही. मग 'वाघाने शेळी खाल्ली', 'गाईने कडबा खाल्ला' असं करत करत पुस्तकभर जनावरं सोडा. एका पुस्तकात मला पंधरा वाक्यांत एकही माणूस सापडला नव्हता. फार शांत वाटलं.

'सीता साडी नेसली' हे वाक्य बदलायला सांगितलं, तर मात्र खुशीत बदला, कारण इथं गडबड करायला चांगली संधी आहे. वाक्य दिसतं कर्मणीसारखं, पण 'नेसणे' भूतकाळातही कर्तरी चालतं. कर्त्याला 'ने' लागत नाही. 'दादा लुंगी नेसला' असं लिहिलं की लगेच उघडं पडतं, क्रियापद लुंगीमागं न जाता दादामागं गेलं. म्हणून तुम्ही घाईत 'दादाने लुंगी नेसली' असं छापा. चूक तुमची असली, तरी नाव समतेचं खराब होतं.

कर्तरीबद्दल एक आपली घरची अडचण सांगून ठेवतो. 'मी शाळेत जाते' असं वाक्य घालून तुम्ही स्त्रीलिंगी कर्ता शिकवायला गेलात, तर इथल्या पोरी तुमच्याकडं बघत राहतील. त्या घरी 'मी जातो', 'मी आलो'च म्हणतात. त्यांच्या आयाही म्हणतात. पुण्याहून आलेल्या सुनेला वर्षभर हसू येतं, मग तीही 'येतो हं' म्हणून निघते. प्रथम पुरुषात हा भेद आपल्या बायकांनी कधीच काढून टाकलाय, कुठल्याही समितीशिवाय. त्यामुळं कर्तरी शिकवायचाच असेल, तर तृतीय पुरुष बरा पडतो: ती जाते, तो जातो.

आता जातीकडं वळू. हा मामला नाजूक, म्हणून प्रस्तावनेत शाहू महाराजांचं नाव घ्यायला विसरू नका. १९०२ सालचा पन्नास टक्के जागांचा आदेश लिहा, सक्तीचं प्राथमिक शिक्षण लिहा. तेवढं पहिल्या पानावर असलं की भावे प्रयोगाला 'पाटलांनी गड्याला बोलावले' हे वाक्य बिनधास्त ठेवता येतं. आक्षेप आला तर 'साहेबांनी शिपायाला बोलावले' करा. जात गेली, शिडी राहिली.

शिडी कुठं आहे ती नीट बघून घ्या, म्हणजे चुकून हलणार नाही. ती प्रत्ययात आहे. पाटलां-नी, साहेबां-नी, पण गड्या-ला, शिपाया-ला. मोठ्याला आदरार्थी बहुवचन, लहानाला एकवचन. कामं बदला, नावं बदला, 'साहेब आले, शिपाई आला' एवढं तेवढं जपा. पोरं ते न शिकवता शिकतात. व्याकरणाचा हा एकच भाग असा आहे की ज्याला सरावाची गरज पडत नाही.

तर त्याच बाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, भावे प्रयोगात क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनी राहतं, बरोबर? बरोबर, मी म्हटलं. "मग 'बोलावले'तला 'ले' नपुंसक एकवचनाचाच आहे, हे पाटलांच्या वाक्यावरून कसं ओळखायचं? 'पाटील आले'मध्येपण 'ले'च आहे. पोरांना वाटतं, पाटलांच्या मानासाठी 'ले' झालं."

पुन्हा तीच पंचाईत. आदरार्थी कर्ता घातला की पुल्लिंगी अनेकवचन आणि नपुंसक एकवचन दोन्ही सारखी दिसतात आणि मुद्दा बुडतो. त्यांनी सुचवलेलं वाक्य फारच साधं होतं: 'रेखाने सईला बोलावले.' दोघीही स्त्रीलिंगी, दोघीही एकवचनी. 'ले' दोघींपैकी कुणाचाच असू शकत नाही. उलटं केलं, 'सईने रेखाला बोलावले', तरी 'ले' तसंच. कोण कुणाला बोलावतंय यानं काही फरक पडत नाही. अशी वाक्यं धोक्याची, कारण त्यात आडनाव नाही, हुद्दा नाही, आणि कोण मोठी हे ठरवायला काहीच मिळत नाही.

मान ठेवायचाच असेल तर कर्मणीत ठेवा, असंही त्या म्हणाल्या. 'महाराजांनी गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात चहा घेतला.' आपल्या गावातली गोष्ट आहे, सगळ्यांना ठाऊक. कर्ता महाराज, आदरार्थी बहुवचनात. तरी क्रियापद 'घेतला', चहाप्रमाणं. कर्मणीत छत्रपतींचाही मुलाहिजा नाही. मी वाक्य ठेवून घेतलं आणि 'पुढील आवृत्तीत विचार करू' असा शेरा मारला. हा शेरा तुम्हीही पाठ करा.

लिंग बदलायच्या पाठात धोबी-धोबीण, माळी-माळीण, तेली-तेलीण ही रांग लागतेच. तिथं कुणी विचारलं की माळीण म्हणजे बाग करणारी बाई की माळ्याची बायको, तर घंटा वाजेपर्यंत घसा साफ करत राहा. 'ई'कारान्त पुल्लिंगी नामाला 'ण' लागतो हे हत्ती-हत्तीण आणि शेजारी-शेजारीण यांनी तितकंच नीट समजतं. पण शेजारीण कुणाची बायको आहे म्हणून शेजारीण होत नाही, ती तिच्या घरात राहते म्हणून होते, आणि हत्तिणीला तर जात विचारायची सोयच नाही. एवढ्या दोन जोड्यांनी पाठ संपला तर उरलेली अर्धी पाटी भरायची कशानं?

शेवटी मी हरलो, तेही सांगतो. बाईंचा हट्ट आणि मागच्या बाकावरचा तो पोरगा यांच्यामुळं कर्मणीच्या पाठाला 'पैलवानाने भाकरी केली' हे वाक्य गेलं. तालमीत राहणारी पोरं स्वतःचं जेवण स्वतः करतात, थंडाईही स्वतःच घोटतात, त्यामुळं कुणाची हरकत आली नाही. पैलवान पुल्लिंगी, एकवचनी. आदरार्थीची भानगडच नाही. वाक्य मंजूर झालं. मग मी चित्रकाराला निरोप पाठवला. संपूर्ण वाक्य कळवायची गरज नव्हती, 'पैलवान, भाकरी, चूल' एवढंच सांगितलं. चित्र आलं ते छान आलं. चुलीपुढं डोईवर पदर घेतलेली आई भाकरी थापतीय आणि पैलवान पाटावर मांडी घालून वाट बघतोय.