पोरं बिनलग्नाची का राहिली: एका फिरत्या संदेशाला उत्तर

“आपल्या खानदेशात पूर्वी शिक्षण कोणी पाहत नव्हतं, म्हणून सगळ्यांची लग्नं व्हायची. आता मुली जास्त शिकल्या, त्यांना शिकलेलाच नवरा पाहिजे, म्हणून शेतकऱ्याचं पोरगं तसंच राहिलं. डॉक्टर डॉक्टरशी आणि इंजिनियर इंजिनियरशी लग्न करतात, म्हणूनच श्रीमंत-गरिबातली दरी वाढली. मुलींची लग्नं बारावीनंतर लगेच उरका, समाज सावरेल.”

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो. शिक्षण पाहत नव्हते हे खरं आहे, कारण पाहण्यासारखं शिक्षण फारसं कोणाकडे नव्हतंच. पण सोयरीक जुळवताना पाहुणे काय विचारायचे ते घरातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. जमीन किती, बागायती की कोरडवाहू, विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, वाटण्या झाल्या का, भाऊ किती. रावेर-यावलकडच्या केळीवाल्या घराची सोयरीक केळीवाल्या घराशीच व्हायची. पारोळ्याच्या कोरडवाहू कापसाच्या शेतकऱ्याला तिथे मुलगी मागायला जायची हिंमत होत नसे. सारख्याला सारखं पाहण्याची रीत जुनीच आहे, फक्त तेव्हा तोलायचं माप जमीन होतं. आज जमिनीचे तुकडे पडले, कमाई नोकरीकडे सरकली, तसं मापही सरकलं.

आता दुसरं वाक्य. यावर जरा थांबावं लागेल, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत: शिकलेली जोडपी वाढली ही एक, आणि पोरं मागे राहिली ही दुसरी.

शिकलेली जोडपी वाढलेली दिसतात म्हणजे मुली जास्त निवडक झाल्या, असं समजायची घाई होते. हिशेबासाठी एक गाव कल्पनेनं घेऊ. जुन्या पिढीत शंभर लग्नं झाली. शंभर नवरदेवांत वीस पदवीधर होते, शंभर नवरीमुलींत पाच. शिक्षणाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं आणि चिठ्ठ्या टाकून लग्नं लावली असती, तर दोघंही पदवीधर असं जोडपं एकच जुळलं असतं, कारण पाचाचे वीस टक्के एक होतात. प्रत्यक्षात चार जुळली. आताच्या पिढीत शंभरात चाळीस मुलगे पदवीधर आणि चाळीस मुलीही. चिठ्ठ्या टाकल्या तरी सोळा जोडपी दोघं पदवीधर निघतील. प्रत्यक्षात निघाली अठ्ठावीस.

म्हणजे डोळ्यांना दिसणारी वाढ चारवरून अठ्ठावीस, सातपट. पण ओढ किती ते पाहायचं तर चिठ्ठ्यांच्या हिशेबाशी तुलना करावी लागते. पूर्वी चौपट होती, आता पावणेदोनपट. पूर्वी पाच पदवीधर मुलींपैकी एकीनं कमी शिकलेला नवरा केला होता, आता चाळिसांपैकी बारा जणींनी केला. जोडपी वाढली ती मुली शिकल्या म्हणून, आणि निवड मात्र सैल झाली. हे मापही अगदी नेमकं नाही, पदवीधर वाढले की पट आपोआप थोडी खाली येते, म्हणून अभ्यासक एकापेक्षा जास्त मापं लावून पाहतात. या गावाच्या आकड्यांना त्यातलं आणखी एक माप लावलं तरी उत्तर त्याच दिशेनं जातं.

आकडे मी मांडलेले असले तरी दिशा मनाची नाही. लिन, देसाई आणि चेन या अभ्यासकांनी देशभरातल्या कुटुंबांच्या मोठ्या सर्वेक्षणावरून 2020 मध्ये दाखवलं की बायको नवऱ्यापेक्षा जास्त शिकलेली, अशी लग्नं भारतात वाढत गेली आहेत. त्यांनी एक सावधगिरीही सांगितली आहे: यावरून बाकीचे दर्ज्याचे अडसर दूर झाले असं समजू नये. मला ते पटतं, कारण इथे तसंच दिसतं. बारावी झालेला पण पोलिसात लागलेला मुलगा पदवीधर मुलीला चालतो. आणि बी.एस्सी. ॲग्री करून घरची शेती पाहणाऱ्या मुलाची फाइल मागे ठेवली जाते. आमच्या समाजाच्या परिचय मेळाव्यात नोंदणीच्या टेबलावर बसतो तेव्हा हेच ऐकतो. एक वडील म्हणाले, “पोऱ्या शिकेल शे, पन नोकरी नही.” त्यांचं दुखणं पदवीचं नव्हतंच. मुलीकडचे पगार मागतात, कारण कापसाचा भाव आणि पाऊस दोन्ही त्यांच्या हातात नाही. आणि शेतावरच्या घरात दिली की वेचणी, निंदणी, गुरं, पाणी हे सगळं मुलीच्या अंगावर पडणार हे त्या मुलीच्या आईला स्वतःच्या आयुष्यावरून ठाऊक असतं. ती नको म्हणते ते याला.

पोरं मागे का राहिली याचं मोठं कारण त्या संदेशात आलेलंच नाही. 2001 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे 880 मुली होत्या. ती मुलं आज पंचविशी-तिशीत, म्हणजे ऐन लग्नाच्या वयात आहेत. निसर्गतः मुलं थोडी जास्तच जन्मतात, हजाराला साधारण साडेनऊशे मुली असतात. त्याहून खाली आकडा जातो तो मुख्यतः गर्भातच मुलगी नाकारल्यामुळे. 1994 साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा झाला, तरी 2011 च्या जनगणनेत जळगावचा हा आकडा आणखी घसरून 842 झाला. ती मुलं आता विशीच्या उंबरठ्यावर आहेत.

मुलींनी शिक्षण सोडलं, अटी सोडल्या, प्रत्येक मुलीनं जिल्ह्यातच लग्न केलं, तरी 880 मुलींमध्ये हजार मुलांची लग्नं होत नाहीत. एकशेवीस मुलगे उरतातच.

पूर्वीही मुलं थोडी जास्तच असायची, मग तेव्हा कसं भागायचं? वयाच्या अंतरामुळे. नवरा चार-पाच वर्षांनी मोठा असायचा, आणि लोकसंख्या भराभर वाढत असल्यामुळे मागाहून जन्मलेल्या मुलींची पिढी मुलांच्या पिढीपेक्षा मोठी असायची. त्यात तूट भरून निघायची. आता घराघरात दोनच मुलं, मागची पिढी पुढच्यापेक्षा मोठी नाही, त्यामुळे ती सोय संपली. शिवाय पुण्या-नाशकात किंवा सुरतेत नोकरीला लागलेली आपलीच मुलं लग्नाला गावाकडची मुलगी पाहतात, आणि ती मुलगीही त्यांच्यामागे शहरात जाते.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. किती पोरं मागे राहणार हे मुलींच्या घटलेल्या संख्येनं ठरवलं. कोणती पोरं मागे राहणार, हे सारख्याला सारखं पाहण्याच्या रीतीनं ठरतं, आणि ती नेहमी खालच्या टोकाची असतात: कोरडवाहू दोन एकरवाला, वडील नसलेला, बहिणींची लग्नं व्हायची असलेला. ही तूट त्यांनी केलेली नाही. सोनोग्राफीचा खर्च ज्यांना परवडत होता त्या घरांतही मुली नाकारल्या गेल्या. त्यांच्या मुलांची लग्नं मात्र झाली, कारण त्यांच्याकडे नोकरी आणि बागायत होती. मला यात सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. आणि जो खाली राहिला तो मग एजंटाला पैसे देऊन परजिल्ह्यातली किंवा परराज्यातली नवरी आणतो. कधी ती आणि एजंट दोघं चार दिवसांत पसार होतात, कधी ती बिचारी स्वतःच फसवून आणलेली असते.

तिसऱ्या वाक्यात तथ्य आहे, पण अर्धंच. दोघं महिना साठ-साठ हजार मिळवणारे शिक्षक एका घरात आणि दोघं बारा-बारा हजार मिळवणारे मजूर दुसऱ्या घरात, तर एका घरात एक लाख वीस हजार, दुसऱ्यात चोवीस हजार. हीच चौघं उलटसुलट जुळली असती तर दोन्ही घरांत बहात्तर हजार. म्हणजे सारख्या जोड्यांमुळे घराघरातली तफावत रुंदावते हे खरं. पण वाढत चाललेली दरी या जोड्यांमुळेच, हे सिद्ध होत नाही. लासे एइका, मोगस्ताद आणि झफर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, डेन्मार्क आणि नॉर्वे या देशांची आकडेवारी तपासली. 2019 च्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा: सारख्या शिक्षणाच्या जोड्यांमुळे कोणत्याही एका वर्षी विषमता जास्त दिसते, पण वर्षागणिक ती जी बदलली त्यात जोड्यांच्या बदलाचा वाटा नगण्य होता.

आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट आड येते. वरच्या उदाहरणातली शिक्षिका लग्नानंतर घरीच बसली, तर तिची पदवी घरच्या उत्पन्नात येतच नाही. मेळाव्यातल्या कित्येक स्थळांची अपेक्षा नेमकी तशी असते: मुलगी शिकलेली हवी, नोकरी करणारी नको. अशा घरांतला फरक नवऱ्याच्या पगाराचाच राहतो. तिच्या शिक्षणाचा परिणाम दिसतो तो पुढच्या पिढीत. ती मुलाचा अभ्यास घेते, शाळेत जाऊन मास्तरांशी बोलते, दहावीनंतर काय करायचं ते तिला कळतं. ज्या घरात आई-वडील दोघंही शिकलेले त्या पोराला हे दुप्पट मिळतं, आणि दोघंही न शिकलेले तिथे पोराला कोणाचाच आधार नसतो. दरीची चिंता खरी असेल तर पाहायची जागा ही आहे.

जातीबद्दल संदेश गप्प आहे. 2011-12 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं शंभरात पाचच्या आसपास होती. बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बंगाली वृत्तपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातींचा अभ्यास 2013 मध्ये छापला. मुलाचं अजिबात न शिकलेलं असणं आणि एम.ए. असणं यात जेवढं अंतर, तेवढ्यावर पाणी सोडायला मुलीकडचे तयार होते, पण जातीबाहेर जायला नव्हते. शिक्षणाची निवड जातीच्या कुंपणाच्या आत होते. आपल्याकडे तर पोटजातीचंही कुंपण आहे. आधीच मुली कमी, त्यात प्रत्येक वाडा वेगळा, मग एका वाड्यातली तूट दुसरा भरू शकत नाही.

शेवटच्या वाक्याला उत्तर छोटं आहे. बारावीनंतर लग्न लावल्यानं एकही मुलगी जास्त जन्मत नाही. बावीसऐवजी अठराव्या वर्षी लग्नं लावली, तर पुढच्या तीन-चार वर्षांच्या मुली आधीच संपतात, आणि मग तूट जिथल्या तिथे. त्या मुलींचं नुकसान मात्र पक्कं, कारण नोकरीवाली स्थळं आज स्वतः पदवीधर मुलगी मागतात.

मेळाव्याच्या फॉर्मवर तीन रकाने वाढवावेत, असं मी समितीला सुचवलं आहे: पोटजातीबाहेरचं स्थळ चालेल का, घटस्फोटित किंवा विधवा चालेल का, आणि मुलगी लग्नानंतर नोकरी करेल ते मान्य आहे का. तिन्ही प्रश्न मुलाकडच्यांनी भरायचे आहेत.