कढी आणि दाराची बेल

कढी करायची तर आधी कुरिअरवाला, खालचे काका आणि मेंटेनन्सची पावती घेऊन फिरणारे सेक्रेटरी, या तिघांचा बंदोबस्त करावा लागतो. ताक गॅसवर चढलं की पहिली सात-आठ मिनिटं पळी सोडायची सोय नसते आणि बेल नेमकी तेव्हाच वाजते. दाराबाहेर 'कढी चालू आहे, बेल वाजवू नये' अशी पाटी लावायचा माझा विचार आहे. पुण्यात त्यात कुणाला वावगंही वाटणार नाही.

चार माणसांच्या खिचडीला लिटरभर ताक पुरतं. ते आंबट हवं, पण फ्रिजमधून काढून तसंच गार नको. तीन पोह्यांचे चमचे बेसन आधी वाटीभर ताकात कालवून गुठळ्या मोडायच्या आणि मग उरलेल्या ताकात घालून रवीने घुसळायचं. सगळ्या ताकावर कोरडं बेसन भुरभुरवणाऱ्यांना पुढे पानात छोटी भजी मिळतात. फार आंबट ताकाला अर्धा चमचा बेसन जास्त लागतं.

कारण आंबटपणा आणि आच एकत्र आली की ताकातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, चोथा आणि पाणी वेगळं होतं. बेसनातला स्टार्च तापून फुगला की तो मध्ये पडून त्यांना लांब ठेवतो. पण फुगायला त्याला वेळ लागतो, आणि तोवर बेसन तळाशी बसू पाहतं. म्हणून या वेळात आच मध्यमच्या खाली ठेवायची आणि पळी तळ खरवडत सतत फिरवायची. घरात कुणीतरी 'एकाच दिशेने ढवळ' असं सांगतंच. दिशा कुठलीही चालते, थांबलेलं चालत नाही.

कडेला बारीक बुडबुड्यांची माळ दिसली की गॅस अगदी बारीक करायचा. आता पळीला पातळ साय चढल्यासारखी कढी चिकटते, म्हणजे धोका बराच टळला. तरी आठ-दहा मिनिटं अधूनमधून ढवळत कढू द्यायची, नाहीतर कच्च्या बेसनाचा वास जात नाही. खळखळून उकळी मात्र येऊ द्यायची नाही आणि झाकणही ठेवायचं नाही. झाकणाखाली ती कधी उसळते ते कळतच नाही.

पळीच्या पाठीवर रव्यासारखे कण दिसले आणि कडेला पिवळसर पाणी सुटलं, तर कढी फुटायला लागली. लगेच खाली उतरवून चमचाभर बेसन गार ताकात कालवून घालायचं आणि रवीने घुसळून पुन्हा मंद आचेवर ठेवायचं. थोडी सावरते. पूर्ण फुटलेली मिक्सरमधून काढली तरी जिभेला कळतेच.

तूप, जिरं, हिंग, चार मेथीदाणे, मिरची, आलं, कढीपत्ता ही फोडणी मी वेगळ्या कढल्यात करून वरून ओततो. फोडणीच्याच तापलेल्या पातेल्यात ताक ओतलं तर तळाचा थर तिथेच फुटतो. मीठ आणि चिमूटभर साखर शेवटी.

दुसऱ्यांदा गरम करतानाही हेच सगळे नियम लागू. रात्री उशिरा येऊन 'कढी जरा कडकडीत हवी' म्हणणाऱ्याच्या हातात म्हणून आधी पळी द्यावी.