मिक्सर मागवला, कुत्र्याचा रेनकोट आला

सपोर्टवाले साहेब किंवा मॅडम (चॅटवर दर वेळी नवीनच नाव येतंय, म्हणून दोघांनाही नमस्कार),

मी बेळगावातनं लिहायलोय, अनगोळातनं. तुमच्या ॲपवरनं साडेसातशे वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर मागवला होता, पैसे यूपीआयनं आधीच भरलेले. आला कुत्र्याचा रेनकोट. पिवळा, टोपीसकट, मीडियम साइज. आमच्याकडं कुत्रं नाही. आई म्हणाली, "रेनकोट आलाच हाय तर आता कुत्रं पण आणून टाक की."

आता जरा लेबलबद्दल, कारण तुमच्या चॅटवाल्यांनी ते एकदाही नीट बघितलेलं नाही. लेबलवर नाव माझं, पत्ता माझा, ऑर्डर नंबर माझा आणि वजन छापलंय ४.२ किलो. मी ती पिशवी तशीच घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. ३१० ग्रॅम. दुकानदारानं दोनदा झिरो करून बघितलं, मग मला म्हणाला, "काटा बरोबर हाय ओ, तुमचा मिक्सरच वाळलाय." काट्याचा आकडा आणि लेबल एकाच फोटोत येईल असा फोटो काढून तुम्हाला पाठवलाय. म्हणजे बघा, विक्रेत्याच्या टेबलावर दोन लेबलं अदलाबदल झालेली दिसतात, आणि कुठंतरी एक कुत्र्याचा मालक आमच्या मिक्सरमध्ये चटणी वाटत बसलाय.

एवढं स्पष्ट असताना तुमच्या माणसानं रिटर्नचं कारण काय टाकलं? 'वस्तू नको आहे'. मी 'चुकीची वस्तू आली' असं लिहून, फोटो जोडून दिलेलं, तरी. खरी गंमत इथनंच सुरू झाली. पिकअपवाला पोरगा आला, चांगला पोरगा, खानापूरकडचा. त्याच्या मोबाईलवर मिक्सरचा फोटो आणि खाली प्रश्न: वस्तू फोटोसारखी आहे का, भांडी तिन्ही आहेत का, वायर तुटलेली नाही ना. तो बिचारा रेनकोट उलटासुलटा करून बघायलाय. "काका, हे मॅच होईना ओ. 'नाही' दाबलं तर पिकअप कॅन्सल होतंय, 'होय' दाबलं तर हबवर माझ्या पगारातनं मिक्सर कापतील." मी म्हटलं, बाबा, मॅच होत नाही म्हणूनच तर परत देतोय! त्याला पटलं, पण ॲपला कोण पटवणार. 'पिकअप फेल, ग्राहकाने चुकीची वस्तू दिली' असा मेसेज आला. मी दिली म्हणे. वाचून आईनं चहाचा कपच खाली ठेवला.

मग कस्टमर केअर. कन्नडसाठीचं बटण दाबलं तर हिंदी बोलणाऱ्या मॅडम आल्या, चालतंय, आम्हाला तिन्ही चालतात, पण तिन्हीत उत्तर एकच, 'अठ्ठेचाळीस तास थांबा'. शेवटी कुणीतरी शहाण्यानं कारण बदलून 'चुकीची वस्तू' केलं, तेव्हा पोराच्या मोबाईलवर मिक्सरचा फोटोच आला नाही, फक्त पॅकेट घे म्हणून आलं आणि रेनकोट दोन मिनिटांत गेला.

ॲपवर हिरवी टिक आली, 'रिफंड सुरू केला आहे'. सुरू केला ते बरं केलं, पण पोचला कुठं? तुम्ही म्हणता बँकेत विचारा. बँकेतल्या बाईंनी पासबुक छापून दिलं, एकपण जमा नाही, आणि म्हणाल्या आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा बँकेतला नंबर, आणा. तुमच्याकडं मागितला तर इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक नंबर पाठवलात. तो बघून बाई हसल्या. म्हणाल्या, "हा त्यांच्या घरचा नंबर. यूपीआयचा आरआरएन बारा आकडी असतो, सगळे आकडेच. तो असला तर मी शोधून देते, नसला तर पैसे अजून तिकडनं निघालेच नाहीत असं समजा." म्हणजे तुमची हिरवी टिक तुमच्याच घरात फिरायली.

म्हणून हा मेल आता चॅटला नाही, तुमच्या तक्रार अधिकाऱ्याला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं तुम्ही ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची. तुमचे ते लाडके अठ्ठेचाळीस तास इथं खरंच लागू पडतात बघा. नाही जमलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन, आणि मग ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं मला तुमच्या हेड ऑफिसच्या गावाला यायची गरज नाही, मी राहतो तिथं, म्हणजे बेळगावातच केस घालता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही. तुमच्या वकिलाला मात्र इथवर यावं लागेल.

तेव्हा एक तर बारा आकडी नंबर पाठवा, नाहीतर पैसे. आणि मिक्सरवर डिस्काउंट कूपन देतो असं कृपा करून परत लिहू नका, आई सध्या पाट्यावर वाटायलीय आणि रोज माझ्याकडं बघून वाटायलीय.

तुमचा ग्राहक (अजूनतरी)