वीस पटींचा हिशोब

"मित्रांनो, 30 वर्षांच्या नोकरीत पैशाबद्दल चार गोष्टी शिकलो. घरासारखी गुंतवणूक नाही. 1995 साली 5 लाखांना घेतलेला माझा फ्लॅट आज 1 कोटीचा आहे. 20 पट! एक फ्लॅट असेल तर दुसरा घ्या. शेअर बाजाराचं तोंड पाहिलं नाही. पोस्ट आणि पीपीएफ, एक रुपया बुडाला नाही. विम्यात वर्षाला 25 हजार टाकून विसरून गेलो, 20 वर्षांनी 9 लाख 20 हजार हातात आले. आणि आता मिळालेले 50 लाख एफडीत. महिन्याला 29 हजार व्याज, पेन्शनमधून भागत नाही तो घरखर्च 28 हजार. मुद्दलाला हात लागणार नाही."

आमच्या साहेबांचं निवृत्तीच्या निरोपाचं हे भाषण झालं तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होतो आणि टाळ्याही वाजवल्या. साहेबांनी मला व्हाउचर कसं तपासायचं ते शिकवलंय, त्यामुळे आदर आहेच. पण त्याचा व्हिडिओ आठवडाभर फिरून नागपूरहून मेव्हण्यामार्फत परत माझ्याच फोनवर आला, खाली लिहिलेलं: "ऐक, तुमच्या ऑफिसातले आहेत ना? मी दुसरा फ्लॅट बघतोय." मग साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अरे लिही की. चुकलं असेल तर चुकलं."

फ्लॅटपासून सुरू करतो. 30 वर्षांत 20 पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण साडेदहा टक्के. आकडा वाईट नाही, पण "20 पट" ऐकून छातीत जे होतं ते "साडेदहा टक्के" ऐकून होत नाही. मार्च 1995 अखेरीस सेन्सेक्स 3,261 होता, मार्च 2025 अखेरीस 77,415. तेही वर्षाला 11 टक्क्यांच्या आसपास येतं, लाभांश वेगळा. म्हणजे त्या 30 वर्षांत घराने काही जादू केली नाही.

शिवाय 5 लाख हा त्या घराचा खरा खर्च नव्हेच. तीन लाख वडिलांनी गावाकडची जमीन विकून दिले होते, हे व्यासपीठावर राहून गेलं. उरलेल्या 2 लाखांचं कर्ज पतपेढीचं, 15 टक्क्यांनी, 15 वर्षांसाठी. हप्ता सुमारे 2,800 रुपये. फेडून होईपर्यंत पतपेढीला 5 लाखांच्या वर गेले. त्यात स्टॅम्प ड्यूटी, सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, दोनदा केलेलं वॉटरप्रूफिंग. यातलं काही "20 पट"मध्ये धरलेलं नाही. उलट बाजूही धरलेली नाही, आणि ती साहेबांच्या बाजूची आहे: 30 वर्षं त्यांनी भाडं दिलं नाही. राहत्या घराचा खरा परतावा बराचसा त्या न दिलेल्या भाड्यात असतो. म्हणून पहिलं घर घेणाऱ्याशी माझं भांडण नाही.

दुसऱ्या फ्लॅटचं गणित मात्र वेगळं, कारण तिथे तुम्ही राहत नाही. मेव्हण्याने पुण्यात बघितलेला फ्लॅट 80 लाखांचा. पुरुषाच्या नावावर 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 5 लाख 60 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. हे पैसे पहिल्याच दिवशी गेले. साठ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं: हप्ता 52 हजार. त्या भागात भाडं 20 हजार. अकरा महिन्यांचा करार संपला की नवा भाडेकरू मिळेपर्यंत घर रिकामं, मग एजंटाची दलाली, मेंटेनन्स, कर. हातात महिन्याला सोळा हजार राहिले तर नशीब. वर्षाचे 1 लाख 92 हजार, म्हणजे 80 लाखांवर 2.4 टक्के. कर्ज साडेआठने घेतलंय, तेव्हा नुसती बरोबरी साधायलाही फ्लॅटची किंमत दरवर्षी सहा टक्क्यांहून थोडी जास्त वाढायला हवी, आणि तोवर दर महिन्याला 36 हजार खिशातून घालायचे. किंमत तशी वाढेलही. पण ज्याला हे 36 हजार जड जातात, त्याने साहेबांच्या राहत्या घराचा दाखला घेऊ नये. मेव्हण्याला मी एवढंच सांगितलं, अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.

पोस्ट आणि पीपीएफ. इथे साहेबांची शिस्त खरी आहे, फक्त काळ सांगायचा राहिला. ते नोकरीला लागले तेव्हा पीपीएफला 12 टक्के होते आणि किसान विकास पत्रात पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. एप्रिल 2020 पासून पीपीएफ 7.1 टक्क्यांवर आहे, आणि विकास पत्राला दुप्पट व्हायला 115 महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. आज पंचविशीतल्या पोराने तेच केलं तर त्याला साहेबांचा निकाल मिळणार नाही. अर्थात तेव्हाची महागाईही मोठी होती, बऱ्याच वर्षी नऊ-दहा टक्क्यांच्या घरात, त्यामुळे त्या बारातले हातात उरायचे दोन-तीनच. जुने दर आठवून हळहळणाऱ्यांनी जुने कांद्याचे भावही आठवावेत.

बाजाराची त्यांची भीती मला मूर्खपणाची वाटत नाही. एप्रिल 1992 मध्ये 4,467 वर सेन्सेक्स पाहून उडी घेतलेला माणूस मार्च 2003 अखेरीस 3,048 वर उभा होता. अकरा वर्षं. ते पाहिलेली पिढी घाबरणारच. गंमत अशी की ऑगस्ट 2015 पासून पीएफ सांभाळणारं ईपीएफओ नव्या जमेतला काही हिस्सा ईटीएफमधून, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडांतून, शेअर बाजारात टाकतं, आधी 5 टक्के, पुढे 15. साहेबांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या पीएफचा काही भाग दहा वर्षं बाजारात जात होता, त्यांना न विचारता.

आणि एक रुपया बुडाला नाही, हे जरा तपासावं लागेल. साहेबांच्या खालच्या ड्रॉवरमध्ये एक सर्टिफिकेट होतं, हिरव्या कडेचं, मधोमध सागाचं झाड छापलेलं. नव्वदच्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांचं पेव फुटलं होतं, झाड तुमच्या नावावर, 20 वर्षांनी लाखो रुपये. साहेबांनी दहा हजार दिले होते. कंपनीचं ऑफिस एके दिवशी बंद झालं ते कायमचं. मी लागलो त्या वर्षी त्यांनीच ते मला दाखवून सांगितलं होतं, "हे बघून ठेव." इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेला सगळ्यात कामाचा धडा तो, आणि नेमका तोच भाषणात नव्हता.

विम्याची पॉलिसी या सगळ्यात मला जास्त खटकली, कारण तिथे चूक दिसतच नाही. पाच लाख भरले, 9 लाख 20 हजार आले. जवळजवळ दुप्पट, शिवाय विमा फुकट. असंच वाटतं ना? एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत हे टाका:

```
=RATE(20,-25000,0,920000,1)
```

वीस हप्ते, दर वर्षी 25,000, शेवटी 9,20,000, आणि शेवटचा 1 म्हणजे हप्ता वर्षाच्या सुरुवातीला. उत्तर येतं साडेपाच टक्के. चौकटीत नुसतं 5% किंवा 6% दिसलं तर दशांश वाढवून बघा.

इतकं कमी का, तर बोनस कसा लागतो ते बघा. साहेबांची पॉलिसी 5 लाखांच्या विमा रकमेची. बोनस हजारी साधारण 42 रुपये, म्हणजे वर्षाला 21 हजार, 20 वर्षांचे 4 लाख 20 हजार. हा बोनस दर वर्षी मूळ 5 लाखांवरच मोजला जातो, आधी साठलेल्या बोनसवर नाही. बँकेत व्याजावर व्याज चढतं, इथे तसं होत नाही. एजंट "हजारी 42" सांगतो तेव्हा आपण मनात 4.2 टक्के चक्रवाढ धरतो आणि फसतो.

तेच 25 हजार 20 वर्षं पीपीएफमध्ये, सरासरी साडेसात टक्के धरून, 11 लाख 60 हजारांवर जातात. त्यातले वर्षाला दोन हजार वेगळे काढून 5 लाखांचा साधा मुदत विमा घेतला असता तरी शेवटी 10 लाख 70 हजार राहिले असते. फरक दीड लाखाचा. आणि "विसरून गेलो" हेही सगळ्यांना झेपत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हप्ता थांबवणाऱ्याच्या हाती भरलेल्या रकमेतला थोडाच भाग परत येतो. आमच्याच खात्यात असे दोघे आहेत. त्यांनी भाषणाला टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता शेवटचं, आणि हे साहेबांच्याच कामाचं. बाकीचं होऊन गेलंय, हे अजून व्हायचंय. सात टक्क्यांनी 50 लाखांचे महिन्याला 29 हजार येतात, बरोबर. पण ते दहा वर्षांनीही 29 हजारच येतील, आणि सहा टक्के महागाईने आजचा 28 हजारांचा खर्च तेव्हा 50 हजारांवर गेलेला असेल. पहिल्या वर्षी जेमतेम बारा हजार शिल्लक राहतात. दुसऱ्या वर्षापासूनच व्याज कमी पडतं, तिसऱ्या वर्षापासून मुद्दलाला हात लागतो, आधी चिमटीने, मग ओंजळीने. मी शीट करून पाहिलं: पैसे सतरा वर्षं पुरतात. साहेब साठचे आहेत. काकू पंचावन्नच्या.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत 8.2 टक्क्यांनी ठेवता येतात, तिमाहीला 61,500 मिळतात. ते आधी करा म्हटलं, खातं काकूंसोबत जॉइंट उघडा, जोडीदाराला वयाची अट नाही. पण हा दर पाच वर्षांपुरता पक्का, पुढचा तेव्हाचा तेव्हा. आणि निदान दहा वर्षं लागणार नाही असा काही भाग सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडात टाकावा का, या प्रश्नाला "बाजाराचं तोंड पाहिलं नाही" हे उत्तर पुरत नाही. तो भाग पडला तर झोप उडेल का, हेही त्यांनाच ठरवायचंय.

शीट त्यांना पाठवली. रात्री साडेदहाला फोन आला.

"महागाई सहाऐवजी पाच धरून बघ."

बघितलं. दीड वर्ष वाढलं.

"आणि सात?"

एक वर्ष कमी झालं.

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू हिचं वय कुठल्या रकान्यात टाकलंयस?"