घड्याळाचा लिलाव आणि कांद्याची ट्रॉली

"दादा, तुमच्या हॉलंडमध्ये मधले दलाल नाहीतच ना? मग आपल्याकडे ते काढून टाकले की प्रश्न मिटला!" निफाडहून चुलतभावाचा फोन.

मधले लोक इथेही आहेत. ब्रुक ऑप लांगेडाइक या इथल्या गावात 1887 मध्ये भाजीचा लिलाव सुरू झाला, तेव्हाही समोर व्यापारीच होते. पुढे घड्याळ आलं. काटा चढ्या भावावरून खाली उतरतो आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल. पण घड्याळाआधी माल तपासून त्याची प्रत ठरलेली असते. लासलगावात ट्रॉलीचा वरचा कांदा पाहून बोली लागते, मग खळ्यावर ओतल्यावर खाली बारीक माल निघाला की भाव तोडतात. त्या वेळी शेतकरी ट्रॉली परत भरणार कशी? मला खरा घाव तिथे दिसतो.

रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले सुमारे 36 पैसे कांदा उत्पादकाला मिळतात असं आलं. भाऊ म्हणतो, उरलेले 64 पैसे दलालाचे. काकांनी त्याला कांदा साठवायच्या चाळीचा हिशेब मांडून दाखवला. एप्रिलमध्ये शंभर किलो भरलेला कांदा सप्टेंबरात सड आणि घट जाऊन पासष्ट किलो उरला. किलोला 18 रुपये मिळाले तरी हातात आले 1170, म्हणजे एप्रिलच्या किलोमागे 11 रुपये 70 पैसेच. व्यापाऱ्याने साठवला तर ही घट त्याच्या माथी, आणि ती त्या 64 पैशांतच बसते. बारदान, हमाली, गाडीभाडंही त्यातच. नफा किती, हे घट वजा केल्याशिवाय कळत नाही.

शेजारचे अण्णा मध्येच म्हणाले, "माझी द्राक्षं शिवारातून नेणारा पैसे न देताच पळाला, त्याचं काय?" त्यांचा प्रश्न वेगळा, पण इथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी लिलाव संस्थांचं बळ नेमकं तिथेच आहे. पैसे संस्था वसूल करते, शेतकरी खरेदीदाराच्या मागे धावत नाही. त्या बदल्यात सभासदाने सगळा माल संस्थेलाच द्यायचा, भाव चांगला असेल त्या दिवशीसुद्धा.

ही अट टिकवणं अवघडच. 1996 मध्ये इथल्या अनेक लिलाव संस्था एकत्र येऊन 'द ग्रीनरी' झाली. सुपरमार्केटांना थेट करार हवे होते, आणि बरेच उत्पादक बाहेर पडून आपापले छोटे गट काढून बसले.

म्हणून मी काकांना विचारलं, गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीला सगळा कांदा द्याल?

"बांधावर रोख दोन रुपये जास्त देणारा आला तर त्यालाच देईन," ते म्हणाले. "पोरीची फी भरायची असते तेव्हा कंपनीचा हिशेब महिन्याने येऊन काय कामाचा?"

माल पोचल्या दिवशी निम्मे-अधिक पैसे देता येतील एवढं खेळतं भांडवल कंपनीकडे हवं. ते कुठून उभं राहील, याचं उत्तर अजून मी त्यांना देऊ शकलेलो नाही.