खुलासा: ‘वाईटात वाईट’ धरूनही तारीख चुकते

“सगळं वाईटात वाईट घडेल असं धरून काम संपायची तारीख काढा, मग अंदाज चुकत नाही.”

चुकतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज 34 दिवस, सगळं बिनसलं तर 49. लागले 55. कारण संकटंही आपण आपल्याच योजनेत डोकावून कल्पितो. न सुचलेली अडचण हिशेबात येतच नाही.

उपाय म्हणजे योजना बाजूला ठेवून तसंच काम केलेल्या इतरांना किती वेळ लागला ते बघणं. इस्रायलमध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांचा गट शाळेसाठी अभ्यासक्रम लिहीत होता. सगळ्यांचा अंदाज दोन वर्षांच्या आसपास, गटातल्या तज्ज्ञाचाही. मग कानमननी त्यालाच विचारलं, अशा बाकीच्या गटांचं काय झालं? तो ओशाळला. सुमारे 40 टक्के गटांनी काम सोडलं होतं, उरलेल्यांना सात ते दहा वर्षं लागली होती. म्हणजे माहिती त्याच्या डोक्यात होती, फक्त अंदाज करताना वापरली नव्हती! गंमत म्हणजे ती ऐकूनही गटाने वेळापत्रक बदललं नाही. अभ्यासक्रमाचं पुस्तक आठ वर्षांनी झालं.